पहिल्या संदेशातील आदर: सर्वनाम, संबोधन आणि विनंतीचे क्रियापद

वयाने आणि अधिकाराने बऱ्याच मोठ्या असलेल्या, पूर्वी कधी भेट न झालेल्या व्यक्तीला कामासंबंधी मराठीतून पहिला संदेश लिहिताना आदराची पातळी तीन ठिकाणी ठरते: त्या व्यक्तीसाठी वापरलेल्या सर्वनामात, तिला हाक मारण्यासाठी निवडलेल्या संबोधनात आणि तिच्याकडे काही मागताना योजलेल्या क्रियापदाच्या रूपात. लिहिणाऱ्याचे लक्ष सहसा यांपैकी दुसऱ्याच ठिकाणी खिळलेले असते. ‘माननीय’ लिहावे की ‘आदरणीय’, ‘सर’ म्हणावे की ‘साहेब’, यावर बराच वेळ जातो आणि उरलेला मजकूर घाईने उरकला जातो. परंतु संबोधन संदेशात एकदाच येते, तर सर्वनाम आणि क्रियापद प्रत्येक वाक्यात येतात, आणि म्हणूनच सत्तरीतल्या वाचकाला पत्र लिहिणाऱ्याची रीत कळते ती मायन्यावरून कमी आणि क्रियापदांवरून अधिक.

हे नेहमीच असे नव्हते. जुन्या मराठी पत्रव्यवहारात आदराचे जवळजवळ सगळे ओझे मायना, म्हणजे पत्राच्या आरंभी येणारी ठरीव संबोधनाची ओळ, वाहत असे. कोणाला कोणता मायना लिहावा हे सांगणारे ‘मेस्तक’ नावाचे नियमसंग्रह होते आणि त्यांची परंपरा यादवांचा मंत्री हेमाद्री, अर्थात हेमाडपंत, याच्यापर्यंत नेली जाते. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांच्या ठिकाणी असलेल्या अन्य वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, नात्यात नसलेल्या प्रतिष्ठित गृहस्थाला ‘राजमान्य राजश्री’, धाकट्याला ‘चिरंजीव’ अशी ही उतरंड होती, आणि तिच्यापुढे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ किंवा ‘अनेक आशीर्वाद’ यांपैकी योग्य ते येई. लिहिणाऱ्याला स्वतः काही ठरवावे लागत नसे. नाते आणि दर्जा ठाऊक असला की मायना ठरलेला असे. आज ‘सा. न. वि. वि.’ ही अक्षरे एखाद्या निवृत्त प्राध्यापकांना लिहिलेल्या ईमेलमध्ये अजून शोभतात, पण ती ज्याला उलगडून सांगता येत नाहीत त्याने ती केवळ शोभेसाठी वापरू नयेत, आणि मोबाइलवरच्या चार ओळींच्या संदेशावर तर त्यांचा भार फार होतो. ठरीव मायना गेला तेव्हा त्याचे काम व्याकरणाकडे आले, आणि व्याकरणाचे हे काम शाळेत कोणी मुद्दाम शिकवत नाही.

सर्वनामाचा प्रश्न भाषाशास्त्रात चांगला अभ्यासला गेलेला आहे. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात युरोपीय भाषांतील एकेरी आणि आदरार्थी सर्वनामांच्या वापरामागे दोन तत्त्वे दाखवून दिली: एक सत्तेचे, ज्यात खालचा वरच्याला आदरार्थी म्हणतो आणि वरचा त्याला एकेरी, दुसरे जवळिकीचे, ज्यात दोघेही एकमेकांना सारखेच संबोधतात. मराठीत ही दोन्ही तत्त्वे दिसतात, पण येथे पायऱ्या दोन नसून तीन आहेत: ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’. अपरिचित ज्येष्ठासाठी ‘तू’ संभवतच नाही, त्यामुळे निवड उरते ती ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत. ‘तुम्ही’ हा पूर्ण आदराचा शब्द आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून दुकानदारापर्यंत तो सर्वांना चालतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ‘आपण’ त्यावर औपचारिकतेची एक पायरी चढवतो, म्हणजे आदर वाढवण्यापेक्षा अंतर अधिक राखतो, आणि पहिल्या लेखी संपर्कात असे अंतर राखणे हेच सौजन्य मानले जाते.

मात्र ‘आपण’ची एक अडचण आहे. हेच सर्वनाम मराठीत बोलणारा आणि ऐकणारा या दोघांना मिळूनही वापरले जाते. ‘आपण उद्या भेटू’ यातला ‘आपण’ आदरार्थी नाही, त्यात लिहिणाराही सामील आहे. अर्थ कोणता हे क्रियापद ठरवते: ‘आपण भेटाल का’ येथे समोरची व्यक्ती एकटी, ‘आपण भेटू’ किंवा ‘आपण भेटूया’ येथे दोघे. एकाच संदेशात ‘आपण दिलेले मार्गदर्शन’ आणि दोन ओळींनी ‘आपण शनिवारी बोलूया’ असे आले, की अपरिचित ज्येष्ठाला लिहिणाऱ्याने परस्पर आपल्या बरोबरीत बसवल्यासारखे होते, आणि लिहिणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. ‘आपला’ या रूपातही हीच संदिग्धता आहे. ‘आपल्या प्रकल्पात’ म्हणजे वाचणाऱ्याच्या, लिहिणाऱ्याच्या की दोघांच्या, हे संदर्भावाचून कळत नाही. म्हणून ज्या संदेशात समोरच्यासाठी ‘आपण’ वापरायचे ठरले आहे, त्यात दोघांना मिळून येणारा ‘आपण’ कटाक्षाने टाळावा आणि तेथे ‘मला आपल्याशी बोलता येईल का’ अशी वाक्यरचना करावी.

दुसरी खूण क्रियापदाच्या शेवटी असते. एका व्यक्तीसाठी अनेकवचनी रूपे वापरण्याला व्याकरणात आदरार्थी बहुवचन म्हणतात, आणि द्वितीय पुरुषात त्याच्याबरोबर भूतकाळी रूपाला एक ‘त’ जोडला जातो: ‘आपण आलात’, ‘आपण व्याख्यान दिलेत’, ‘आपण सूचना केलीत’. शेवटच्या दोन उदाहरणांत क्रियापद लिंगवचनासाठी कर्माच्या मागे जाते आणि ‘त’ मात्र कर्त्याकडे बोट दाखवतो. लेखी मराठीत सकर्मक क्रियापदांपुढचा हा ‘त’ न लावता ‘आपण व्याख्यान दिले’ असेही शुद्ध ठरते, पण जे निवडले ते शेवटपर्यंत तसेच ठेवायला हवे. वाचकाला ‘त’ नसल्याची खंत नसते, त्याला धरसोड जाणवते. सर्वनामांचेही तसेच आहे. पहिल्या वाक्यात ‘आपण’, तिसऱ्यात ‘तुम्ही’ आणि पाचव्यात पुन्हा ‘आपल्याला’ असा संदेश अनेकदा येतो, आणि तो वाचताना पहिला ‘आपण’ कुठून तरी उचलून चिकटवलेला होता असे वाटते. ज्याला ‘आपण’ सबंध संदेशभर पेलवत नाही त्याने आरंभापासून ‘तुम्ही’ लिहावे. सलग आणि बिनचूक ‘तुम्ही’ हा डळमळत्या ‘आपण’पेक्षा नि:संशय चांगला.

आदरार्थी बहुवचन केवळ संदेश वाचणाऱ्यापुरते नसते. ज्यांनी संपर्क क्रमांक दिला त्या तिसऱ्या व्यक्तीचा उल्लेखही त्याच पातळीवर करावा लागतो, आणि येथे मराठीची एक रीत ध्यानात ठेवावी: आदर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मोजला जातो, वाचणाऱ्याच्या नव्हे. क्रमांक देणारी व्यक्ती त्या ज्येष्ठांची एके काळची विद्यार्थिनी असली, तरी लिहिणाऱ्याची ती वरिष्ठ असेल तर ‘जोशी मॅडमनी आपला क्रमांक दिला, त्या आमच्या विभागप्रमुख आहेत’ असेच लिहायचे. ‘ती आपली विद्यार्थिनी होती’ असे लिहिणे ज्येष्ठांना कदाचित चालेल, पण लिहिणाऱ्याला शोभणार नाही. ज्येष्ठ व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे केवळ आद्याक्षरे आणि आडनाव यांवरून कळत नसेल, तर मात्र द्वितीय पुरुष सोयीचा ठरतो, कारण ‘आपण सांगाल’, ‘आपण पाहू शकाल’ यांसारख्या भविष्यकाळी रूपांत लिंग दिसत नाही. ‘आपण गेला होतात’ आणि ‘आपण गेल्या होतात’ अशा रूपांत ते लगेच उघड होते, तेव्हा ती टाळता येतात. अर्थात दोन मिनिटे खर्च करून पूर्ण नाव शोधणे हा याहून सरळ मार्ग आहे.

संबोधनाविषयी एक सूत्र बहुतेक प्रसंगी पुरते: कामाचे पत्र असेल तर संबोधन त्या व्यक्तीच्या कामातून घ्यावे, नात्यातून नव्हे. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘ॲड.’ ही उपपदे आडनावाच्या किंवा पूर्ण नावाच्या आधी येतात, आणि ती आली की ‘श्री.’ लागत नाही; ‘श्री. डॉ.’ ही दुहेरी माळ आहे. त्याचप्रमाणे ‘श्री.’ पुढे लावून आडनावामागे ‘साहेब’ किंवा ‘सर’ जोडणे हेही दोन रीतींची सरमिसळ ठरते, कारण ‘श्री.’ लेखी नामनिर्देशाचा शब्द आहे आणि ‘साहेब’ प्रत्यक्ष हाकेचा. पाकिटावर किंवा ईमेलच्या पत्त्याच्या जागी ‘श्री.’, आणि मजकुराच्या आरंभी ‘पाटील साहेब’ किंवा ‘पाटील सर’, असे वाटून घेतले की गोंधळ उरत नाही. शिक्षण, वैद्यक आणि संशोधन या क्षेत्रांत ‘सर’ आणि ‘मॅडम’ रुळले आहेत, तर प्रशासन, बांधकाम, सहकार आणि न्यायालयाच्या परिसरात ‘साहेब’ अधिक चालतो. पहिल्या नावाला ‘राव’ जोडणे, जसे ‘वसंतराव’, हे आदराचे खरे, पण ते समवयस्कांचे किंवा वडीलधाऱ्यांचे संबोधन आहे. वयाने तिशीतल्या व्यक्तीने पहिल्याच पत्रात ते वापरले तर त्यात सलगी दिसते. ‘अण्णा’, ‘दादा’, ‘भाऊ’ या नावांनी एखादी व्यक्ती जगभर ओळखली जात असली, तरी त्या नावाने हाक मारण्याचा अधिकार ओळखीतून मिळतो, प्रसिद्धीतून नाही. सामाजिक संस्थांत ‘ताई’ हे कामाचेच संबोधन झालेले असते, तेथे ते निश्चित चालावे. पण ‘काका’ आणि ‘काकू’ कामाच्या पहिल्या संदेशात कुठेच बसत नाहीत, कारण ते ज्येष्ठाचा व्यवसाय पुसून केवळ वय शिल्लक ठेवतात.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि त्याकडे फार थोडे लक्ष दिले जाते. ‘सौ.’ आणि ‘कु.’ ही उपपदे व्यक्तीची वैवाहिक स्थिती जाहीर करतात, जिचा कामाशी काही संबंध नसतो आणि जी लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते. ‘श्रीमती’ कार्यालयीन व्यवहारात सर्व स्त्रियांसाठी वापरले जाते, परंतु मराठी समाजात ते दीर्घकाळ विधवांच्या नावापुढे लिहिले जात असल्याने जुन्या पिढीतल्या काही स्त्रियांना ते अजूनही खटकते. म्हणून पंचाहत्तरीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ‘डॉ.’ आणि ज्येष्ठ वास्तुविशारदांना पूर्ण नाव व त्यानंतर ‘मॅडम’ हाच निर्धोक मार्ग. ‘बाई’ हा शब्द शाळेत शिक्षिकेसाठी अतिशय आदराचा आहे आणि अनेक मोठ्या गायिका व शिक्षणतज्ज्ञ स्त्रिया त्याच नावाने परिचित आहेत. परंतु त्याच शब्दाने घरकाम करणाऱ्या स्त्रीचाही उल्लेख होत असल्याने, ज्या संस्थेत तो रूढ आहे तेथेच तो वापरावा.

प्रदेशानुसार कान थोडा बदलतो. नागपूर आणि वऱ्हाडाच्या बाजूला हिंदीच्या सान्निध्याने नावामागे ‘जी’ लावणे सहज वाटते, पुण्यात तेच काहीसे परके किंवा राजकीय सभेतले वाटते. ज्येष्ठ व्यक्ती कोठली हे ठाऊक असेल तर त्याप्रमाणे चालावे, ठाऊक नसेल तर ‘जी’ वगळावे.

आता तिसरे ठिकाण, विनंतीचे क्रियापद. सर्वाधिक चुका येथे होतात, कारण आदरार्थी सर्वनाम असूनही वाक्य हुकूम ठरू शकते. ‘पाठवा’ ही आज्ञार्थी रूपातली आदरार्थी पायरी आहे आणि तिच्याआधी ‘कृपया’ जोडले तरी ती आज्ञाच राहते. बँकेच्या खिडकीवरची ‘कृपया रांगेत उभे राहा’ ही पाटी विनंती नसून नियम आहे हे सर्वांना कळते. ‘पाठवावे’ किंवा ‘पाठवावीत’ हे विध्यर्थाचे, म्हणजे कर्तव्य, योग्यता किंवा इच्छा दाखवणारे रूप अनेकांना अधिक नम्र वाटते, आणि ‘पाठवावीत ही विनंती’ असे म्हटल्यावर ते तसे होतेही. पण नुसते ‘कागदपत्रे तातडीने सादर करावीत’ हे शासकीय पत्रात वरिष्ठ कार्यालयाने कनिष्ठाला लिहिलेले वाक्य आहे, आणि सारी हयात शासनसेवेत घालवलेल्या माणसाला ते त्याच सुरात ऐकू येते. याच्या पुढची पायरी प्रश्नाची: ‘पाठवाल का’. त्याहून मोकळी ती ‘पाठवता येतील का’ ही, कारण तिच्यात समोरच्याच्या इच्छेविषयी काहीच विचारलेले नसते, केवळ शक्यतेविषयी विचारलेले असते, आणि ‘सध्या शक्य नाही’ असे उत्तर देणाऱ्याला नकार दिल्याचा संकोच वाटत नाही. पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी सौजन्याविषयीच्या आपल्या सिद्धांतात अशा रचनांचे काम समोरच्याच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण होऊ न देणे हे आहे असे मांडले, आणि मराठीत ‘-ता येणे’ ही रचना हे काम फार उत्तम करते. ‘पाठवण्याची कृपा करावी’ ही मात्र अर्जातली भाषा आहे. तज्ज्ञाकडे सल्ला मागताना ती अवघडलेली वाटते.

हे सगळे एका संदेशात कसे उतरते ते पाहावे. एका तरुण संरचना अभियंतीला दगडी कमानीच्या एका जुन्या पुलाच्या मजबुतीकरणाचा अहवाल तयार करायचा आहे, आणि सुमारे चाळीस वर्षांपूर्वी त्याच पुलाच्या दुरुस्तीवर देखरेख केलेले सार्वजनिक बांधकाम विभागाचे निवृत्त अधीक्षक अभियंता आता सत्तरी ओलांडलेले आहेत, असे समजू. तिचा पहिला मसुदा असा असेल: ‘हाय सर, आम्ही पुलाच्या दुरुस्तीचे काम करत आहोत. तुम्ही तेव्हा तिथे होता असे कळले. आपल्याकडे जुने नकाशे असतील तर कृपया लवकरात लवकर पाठवा. आपण उद्या फोनवर बोलूया. धन्यवाद.’ यात उद्धट शब्द एकही नाही, तरीही संदेश उद्धट झाला आहे. लिहिणाऱ्याचे नाव नाही, ‘आम्ही’ कोण हे कळत नाही, क्रमांक कोठून मिळाला याचा उल्लेख नाही, ‘तिथे होता’ या शब्दांत देखरेखीचे काम नुसत्या हजेरीइतके लहान झाले आहे, ‘तुम्ही’वरून ‘आपल्याकडे’वर आणि तेथून दोघांच्या ‘आपण’वर उडी आहे, ‘लवकरात लवकर’ने लिहिणाऱ्याची निकड समोरच्यावर टाकली आहे, आणि शेवटचा ‘धन्यवाद’ होकार गृहीत धरतो.

तोच मजकूर असा लिहिता येतो: ‘पाटील साहेब, सादर नमस्कार. मी सातारा येथे संरचना अभियंता म्हणून काम करते. आमच्या विभागप्रमुख जोशी मॅडम यांनी आपला क्रमांक दिला. नदीवरील जुन्या कमानी पुलाच्या मजबुतीकरणाचा अहवाल सध्या माझ्याकडे आहे, आणि या पुलाची पूर्वीची दुरुस्ती आपल्या देखरेखीखाली झाल्याचे कार्यालयीन नोंदींवरून समजले. मधल्या खांबाच्या पायाशी त्या वेळी कोणते काम झाले याचा उल्लेख नोंदींत सापडत नाही. त्याविषयी आपल्याशी पंधरा मिनिटे बोलता येईल का? आपल्या सोयीची वेळ कळवल्यास मी फोन करेन. कळावे, आपली विनम्र,’ आणि खाली पूर्ण नाव. आरंभी नावाआधी ‘माननीय’ नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. आदर येथे आला आहे तो पूर्वीचे काम नेमकेपणाने ओळखल्यामुळे, एकच ठरावीक प्रश्न विचारल्यामुळे आणि वेळ ठरवण्याचा अधिकार समोर ठेवल्यामुळे. जुने नकाशे मागितलेलेच नाहीत, कारण पहिल्या संदेशात कागद शोधण्याचे कष्ट मागण्यापेक्षा बोलण्याची परवानगी मागणे हलके असते. नकाशांचा विषय बोलण्यात बहुधा तेच काढतात. मोबाइलवरही हा संदेश एकाच तुकड्यात पाठवावा. आधी एकटे ‘नमस्कार सर’ पाठवून उत्तराची वाट पाहणे, किंवा ओळखीआधीच आवाजी संदेश धाडणे, यात समोरच्यावर विषय कळण्यापूर्वीच प्रतिसाद देण्याचे बंधन पडते.

अतिरेकाने होणारे नुकसान कमी नाही. ‘परमपूज्य’, ‘गुरुवर्य’, ‘आपल्या चरणी’ हे शब्द ज्याने प्रत्यक्ष शिकवले त्याच्यासाठी आहेत. अपरिचिताकडून आले की आता पुढे मोठी मागणी येणार अशी शंका वाचणाऱ्याला येते. ‘साहेबांनी वेळ दिल्यास’ अशी समोरच्यालाच तृतीय पुरुषात संबोधण्याची रीत काही कार्यालयांत अजून टिकून आहे, पण ती सेवकाने मालकाशी बोलण्याची रीत आहे, एका अभियंत्याने दुसऱ्याशी बोलण्याची नव्हे. व्यावसायिक नात्यात कनिष्ठालाही एक प्रतिष्ठा असते आणि अनुभवी ज्येष्ठ ती तपासून पाहतात, कारण जो फार वाकतो त्याला कामातले मतभेद स्पष्ट सांगता येतील का याची त्यांना खात्री वाटत नाही.

उत्तर आल्यावर पातळी बदलावी का, हा पुढचा प्रश्न. ब्राऊन आणि गिलमन यांच्या विवेचनाप्रमाणे जवळिकीकडे पहिले पाऊल टाकण्याचा हक्क वरच्या व्यक्तीकडे असतो, आणि मराठीत हे बरोबर लागू पडते, फक्त एका मर्यादेसह. निवृत्त अभियंत्यांनी ‘अगं, केव्हाही फोन कर, त्या खांबाची गोष्ट मोठी आहे’ असे लिहिले, तर तो ‘तू’ त्यांनी लिहिणारीला दिलेला आहे, तिच्याकडून परत मागितलेला नाही. तिने ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर यायला आता हरकत नाही, किंबहुना त्या मोकळ्या उत्तरानंतरही ताठ ‘आपण’ चालू ठेवला तर त्यांचे आपलेपण नाकारल्यासारखे होईल. तिच्या उत्तरात ‘उद्या सकाळी दहा वाजता फोन केला तर तुम्हाला चालेल का’ एवढे पुरे. याउलट त्यांचे उत्तर ‘आपला संदेश मिळाला. मंगळवारी सायंकाळी पाचनंतर संपर्क साधावा’ असे आले, तर त्यांना औपचारिकता हवी आहे हे उघड आहे आणि ‘आपण’ तसाच पुढे चालू राहतो. त्यांनी इंग्रजीतून किंवा रोमन लिपीतल्या मराठीतून उत्तर दिले, तर लिपी आणि भाषा त्यांच्यासारखी बदलता येते, परंतु रोमन लिपीत लिहिलेला ‘आपण’ पटकन वाचला जात नाही, तेव्हा तेथेही ‘तुम्ही’च सुटसुटीत. आणि उत्तर आलेच नाही, तर आठवडाभराने एकदाच आठवण द्यावी, जिच्यात पहिल्या संदेशाचा दोष काढलेला नसावा: ‘माझा संदेश पाहिला नाहीत का’ असे विचारण्याऐवजी ‘पुलाविषयी मागील आठवड्यात लिहिले होते, सोयीचे नसल्यास तसे कळवले तरी चालेल’ असे लिहिले की उत्तर न देण्याचे कारण सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही, आणि ज्या जोशी मॅडमनी क्रमांक दिला त्यांच्यामार्फत विचारण्याचा मार्गही मोकळा राहतो.